अठरा कॅरेट, तरी भाव वेगळा?

"दोन्ही अंगठ्या १८ कॅरेट, मग व्हाइट गोल्डचा ग्रॅममागचा भाव रोझ गोल्डपेक्षा जास्त का?"

सोनं दोन्हींत सारखंच असतं. १० ग्रॅमच्या अंगठीत ७.५ ग्रॅम. फरक पडतो तो उरलेल्या अडीच ग्रॅममुळे. रोझ गोल्डमध्ये ते बहुतेक तांबं आणि थोडी चांदी असते, म्हणजे सोन्यापुढे किरकोळ किंमत. तांबं जितकं जास्त, तितकी लाली जास्त, पण त्याने भाव वाढायचं कारण नाही. "रोझ आहे म्हणून महाग" असं कोणी म्हणालं तर ती घडणावळ समजा.

व्हाइट गोल्डमध्ये मात्र पिवळेपणा घालवायला निकेल तरी लागतं किंवा पॅलेडियम. निकेल स्वस्त, पण काहींच्या त्वचेला खाज आणणारं. पॅलेडियम स्वतःच मौल्यवान धातू. अडीच ग्रॅममध्ये ते दीड ग्रॅम असेल तर त्याचे पैसे लागणारच. शिवाय ते तांब्यापेक्षा जड, त्यामुळे त्याच मापाची अंगठी वजनालाही थोडी जास्त भरते. तेव्हा नुसता कॅरेट पाहू नका, निकेल की पॅलेडियम हे बिलावर लिहून घ्या.

आणि ती पांढरीशुभ्र चकाकी बहुधा वरच्या ऱ्होडियमच्या मुलाम्याची असते. तो झिजला की खालची पिवळसर झाक दिसते आणि मुलामा पुन्हा द्यावा लागतो. रोझला ही कटकट नाही.