संत्र्याच्या ढिगावर सावलीसाठी ताणलेल्या कापडाचा सेल खाली आला त्याबद्दल, दुकानमालकाचं उत्तर

"मृगाचा संत्रा छाटायला धुऱ्याजवळ यांच्याकडून शेड सेल बसवून घेतला. पैसे पूर्ण मोजले. तीन आठवडे झाले नाहीत तर वादळात एक कोपरा खाली आला, मधात पाण्याचं तळं झालं आणि तार ताणायच्या टर्नबकलचा हूक सरळ झाला. त्याआधीच ढिला पडला म्हणून फोन केला, तर म्हणे टर्नबकल आवळा. तार हलकी, सामान हलकं. कोणी घेऊ नका."

भाऊ, नमस्कार. तुमचं लिहिलेलं वाचून शुक्रवारी मी स्वतः शेतात आलो होतो. तुम्ही वरुडला गेले होते, तुमच्या मोठ्या मुलाने सगळं दाखवलं. नुकसान आमच्या कामामुळे झालं आहे, हे आधी मान्य करतो. फक्त एका गोष्टीत तुमच्याशी सहमत नाही. तार हलकी नव्हती. ८ मिमीची तार या कामाला पुरेशी आहे. हे एवढ्यासाठी सांगतो, की उद्या कोणी १० मिमीची तार आणून तिला असेच क्लॅम्प लावले, तर पुढच्या वादळात पुन्हा हेच होईल.

बिघाड सुरू झाला तो विहिरीकडच्या खांबावर. तिथे तार थिंबलवरून, म्हणजे फासातल्या लोखंडी खोबणीवरून, वळवून परत आणलेली आहे. म्हणजे क्लॅम्पमध्ये तारेचे दोन पदर शेजारी शेजारी बसतात. एक ताण घेणारा, दुसरा कापलेलं टोक, ज्याला आम्ही शेपूट म्हणतो. क्लॅम्पचेही दोन भाग असतात: गोल सळईचा यू-बोल्ट आणि खाचा असलेलं जाड सॅडल. सॅडल नेहमी ताणाच्या पदरावर आणि यू-बोल्ट शेपटीवर यायला पाहिजे. यू-बोल्टची सळई अरुंद जागी तारेत रुतते आणि पेड चेपते. शेपटीवर चेपलं तर चालतं. ताणाच्या पदरावर चेपलं, तर जिथे सगळा भार आहे तिथेच तार जखमी होते. बरोबर लावलेले क्लॅम्प तारेच्या मूळ ताकदीच्या साधारण ८० टक्के धरतात. उलटे लावले की ही पकड खूपच खाली येते.

तुमच्या त्या कोपऱ्यावर दोनच क्लॅम्प होते आणि दोन्ही उलटे. तीन हवे होते. आणखी एका कोपऱ्यावर तीन आहेत, पण एक सुलटा, एक उलटा असे. दोन्हीकडून पकड मिळते असा बऱ्याच मिस्त्र्यांचा समज आहे. तो चुकीचा आहे, आणि आमच्याही माणसाने तेच केलं. तार घसरली हे कळलं शेपटीवरच्या खुणेवरून. आवळताना सॅडलच्या खाचांचा ठसा तारेवर उमटतो आणि तो सॅडलखालीच राहायला पाहिजे. तुमच्याकडे तो ठसा थिंबलच्या बाजूला जवळपास ३ सेंमी सरकलेला होता. तेवढ्याने फास मोठा झाला आणि थिंबल आत खडखडत होतं.

दुसरी चूक आमच्या वेळापत्रकाची. नव्या तारेवर पहिल्यांदा ताण आला की तिचे पेड एकमेकांत बसतात. मधे सुताचा गाभा असलेल्या तारेत हे जास्त होतं. तार थोडी लांबते आणि थोडी बारीकही होते. कालपर्यंत घट्ट असलेला नट मग आज घट्ट राहत नाही, नट फिरला नसला तरी. म्हणून ताण दिल्यावर त्याच दिवशी एकदा आणि काही दिवसांनी पुन्हा, क्लॅम्पचे दोन्ही नट आळीपाळीने आवळावे लागतात. आमचा माणूस दोन तासांत काम आटोपून निघून गेला आणि पुन्हा आलाच नाही. ती फेरी तुमच्या बिलातच धरलेली होती.

आता टर्नबकल. तुमचा पहिला फोन आला तेव्हा दुकानातल्या पोराने आधी "क्लॅम्प पाहा" म्हणायला हवं होतं. टर्नबकलच्या एका बाजूला उजवा आटा असतो, दुसऱ्या बाजूला डावा, म्हणून मधली बॉडी फिरवली की दोन्ही टोकं आत येतात. तुमच्याकडचं १२ मिमीचं आहे. त्याच्या एका फेऱ्यात साधारण साडेतीन मिमी ढील निघते, दहा फेऱ्यांत ३५ मिमी. पण आमच्या माणसाने तार लांब कापली होती आणि तिचा जास्तीचा ढीलपणा टर्नबकलनेच खाल्ला होता. बसवलं तेव्हाच ते दोन तृतीयांश मिटलेलं होतं. खरं तर सुरुवातीला ते जवळपास पूर्ण उघडं पाहिजे, फक्त आट्यांची टोकं बॉडीच्या आत दिसली पाहिजेत. तुमच्या सालदाराने फोनवर ऐकल्याप्रमाणे आवळलं. ते पूर्ण मिटल्यावर सळई घालून आणखी पिळलं, त्यात हूक तिरका झाला. त्याला दोष देऊ नका, त्याला जे सांगितलं ते त्याने केलं.

मग वादळ आलं. कोपरा आधीच सैल, चारही खांब जवळपास एकाच उंचीचे, आणि कापड पाणी न गळणारं. मुलाने पाणी साचलेली जागा दाखवली ती अंदाजे २ मीटर बाय दीड मीटर. सरासरी १० सेंमी पाणी धरलं तरी ते ३०० लिटर होतं, म्हणजे ३०० किलो. कापड पोट सोडून लोंबतं, तेव्हा ते वजन कोपरे आत ओढतं. त्यात वाऱ्याचे झटके. उघडा हूक या सगळ्यात आधी हार मानतो, म्हणून अशा जागी हूकवालं टर्नबकल द्यायलाच नको होतं. दोन्ही टोकांना बंद कडी किंवा पिन असलेला फोर्क पाहिजे.

मंगळवारी सकाळी ८ वाजता मी आणि दुसरा मिस्त्री येतो. तुम्हाला एक रुपया लागणार नाही. विहिरीकडची तार पूर्ण नवी लागेल, कारण चेपलेला ताणाचा पदर परत वापरण्यासारखा नाही. दुसऱ्या कोपऱ्याची तार चेपलेली निघाली तर तीही बदलू. चारही कोपऱ्यांवर तीन तीन क्लॅम्प येतील, मधलं अंतर साधारण ५ सेंमी, सगळी सॅडल ताणाच्या पदरावर. पहिला क्लॅम्प शेपटीच्या टोकाजवळ, दुसरा थिंबलला लागून आणि मधला ढील काढून शेवटी. समोरासमोरचे दोन कोपरे खाली घेऊ, म्हणजे पाणी उतरून जाईल. ट्रॅक्टर ज्या बाजूने आत येतो तिथला एक कोपरा उंचच राहील. टर्नबकल फिरू नये म्हणून त्याच्या बॉडीतून बांधणीची तार ओवून दोन्ही कड्यांना बांधू. प्रत्येक शेपटीवर, क्लॅम्पच्या अगदी कडेला, लाल रंगाचा पट्टा मारू. पट्टा क्लॅम्पखाली शिरला किंवा त्याच्यापासून दूर गेला, तर तार घसरली असं समजा. तेव्हा टर्नबकलला हात न लावता मला फोन करा. पुन्हा आवळायची फेरी पुढच्या मंगळवारी, तीही मीच करीन.

या हंगामात आम्ही आणखी पाच ठिकाणी अशीच तार बसवली आहे. तिथे उद्यापासून जाऊन क्लॅम्प तपासतो आहे.

भिजलेल्या संत्र्याचं काय झालं ते मुलाला नीट सांगता आलं नाही. किती कॅरेट गेले ते मंगळवारी समोर बसून मोजू आणि त्याची भरपाई ठरवू. तोपर्यंत सेल उभा ठेवू नका. वारा नसताना, रस्त्याकडच्या दोन खांबांची टर्नबकल आधी ढिली करून तो खाली उतरवून ठेवा. विहिरीकडच्या कोपऱ्याखाली तोवर कोणाला बसू देऊ नका.