गॅसच्या जहाजाची टाकी गळत नाही, उकळते

आमच्या गावच्या ग्रुपवर फिरत असलेला मेसेज असा:

"गॅसची जहाजं म्हणजे तरंगते बॉम्ब! टाकीत गॅस प्रचंड दाबाने ठासून भरलेला असतो. एवढं करूनही टाक्या गळतात आणि रोज शंभर टन गॅस समुद्रावर हवेत सोडून देतात. हा तोटा आपल्या सिलिंडरच्या भावात वसूल होतो. प्रत्येक शेतकऱ्यापर्यंत पोहोचवा."

पानठेल्यावर एका काकांनी मला थेट विचारलं, "काहून रे, तू त्याच जहाजावर होता ना? मंग खरं काय हाय?" मी एलएनजीच्या, म्हणजे द्रव केलेल्या नैसर्गिक वायूच्या जहाजांवर कार्गो इंजिनिअर होतो. आता घरची कपाशी पाहतो. तेव्हा एकेक मुद्दा घेतो.

दाबापासून सुरू करू. ट्रॅक्टरच्या मागच्या चाकात आपण बारा ते सोळा पौंड हवा भरतो. जहाजाच्या टाकीत बाहेरच्या हवेपेक्षा जास्तीचा दाब असतो जेमतेम दीड-दोन पौंड, आणि साडेतीनच्या आसपास गेला की सेफ्टी व्हॉल्व्ह आपोआप उघडतो. गॅस दाबून भरलेलाच नसतो, तो थंड करून द्रव केलेला असतो: उणे १६२ अंश. द्रव झाला की त्याची जागा सुमारे सहाशेपट कमी होते. सगळी गंमत थंडीची आहे, दाबाची नाही. दाबाने भरलेला गॅस आपल्या स्वयंपाकघरात असतो.

आता गळतीचा मुद्दा. यावर जरा थांबावं लागेल, कारण "रोज शंभर टन" हा आकडा खोटा नाही.

मी होतो ते जहाज १,६०,००० घनमीटरचं. टाकीच्या आत इन्व्हारचा पत्रा. इन्व्हार म्हणजे ३६ टक्के निकेल असलेलं लोखंड, थंडीत ते जवळपास आकसतच नाही. पत्र्याची जाडी ०.७ मिलिमीटर. त्यामागे प्लायवुडच्या पेट्या, आणि पेट्यांत पर्लाइट भरलेलं. पर्लाइट म्हणजे भट्टीत फुलवलेला ज्वालामुखीचा दगड, हातात घेतला तर ज्वारीच्या लाह्यांइतका हलका. मग परत एक पत्रा, परत पेट्या. असा सगळा मिळून अर्ध्या मीटरचा थर. एका बाजूला उन्हात तापलेलं जहाज, दुसऱ्या बाजूला उणे १६२. अर्ध्या मीटरमध्ये एवढा फरक शंभर टक्के अडवणारी वस्तू जगात नाही. थोडी उष्णता आत जाणारच.

ती आत गेली की पृष्ठभागावरचा थोडा द्रव उकळून वाफ होतो. आमच्या जहाजासाठी हा दर दिवसाला ०.१५ टक्के धरलेला होता. म्हणजे रोज २४० घनमीटर द्रव, वजनात सुमारे १०८ टन. मेसेजमधला आकडा बहुधा अशाच कुठल्यातरी जहाजाचा. पण ही गळती नव्हे. उन्हाळ्यात आपला माठ पाझरतो, ते पाणी वाळतं, आणि वाळताना माठाची उष्णता घेऊन जातं, म्हणून उरलेलं पाणी गार राहतं. टाकीतही तेच. फरक एवढाच की माठ भिंतीतून पाझरतो, टाकीची वाफ वरच्या पाइपातून काढतात. हे १०८ टन उकळताना जी उष्णता सोबत नेतात, ती पन्नास हॉर्सपॉवरचे सतरा ट्रॅक्टर दिवसरात्र चालवण्याइतकी असते. वाफ कोंडून ठेवली तर दाब चढतो, द्रव गरम होतो. टाकीला थंड ठेवणारं वेगळं यंत्र आमच्या जहाजावर नव्हतंच. वाफ हेच यंत्र.

खरी गळती कशी कळते, तेही सांगतो. दोन पत्र्यांच्या मधल्या जागेत नायट्रोजन भरलेला असतो आणि त्याचा नमुना यंत्र सतत तपासतं. त्यात मिथेन, म्हणजे टाकीतलाच गॅस, वाढू लागला तर आतला पत्रा कुठेतरी फुटला. पर्लाइट खाली बसून पेटी वरून रिकामी झाली असेल तर त्या जागी जहाजाच्या आतल्या भिंतीचं तापमान पडतं, आणि त्या भिंतीपलीकडे समुद्राचं पाणी भरायची बॅलास्ट टाकी असते, तिच्यात उतरून पाहिलं तर रंगावर दव किंवा हिमाचा डाग दिसतो. अशा दोन्ही गोष्टी दुरुस्तीला नेण्यासारख्या. रोजची वाफ नव्हे.

मग ती वाफ जाते कुठे? इंजिनात. टाकीतून ती कॉम्प्रेसरकडे येते, तो तिला सहा बारच्या आसपास दाबतो, हीटर तिला साधारण खोलीच्या तापमानाला आणतो आणि इंजिन ती जाळतं. आमची इंजिनं गॅस आणि डिझेल दोन्हींवर चालणारी होती. पूर्ण वेगाने जात असलो तर शंभर टनाच्या वर गॅस लागायचा, म्हणजे वाफ आणि भूक जवळपास सारखी. जुन्या जहाजांत हीच वाफ बॉयलरखाली जळते. हवेत तशीच सोडणं नियमाने बंद आहे, आणीबाणी वगळता.

आता मेसेजवाल्याच्या बाजूचं. एकदा पुढच्या बंदरात जागा रिकामी नव्हती, सतरा नॉट्सचा वेग अकरावर आणायला सांगितलं. जहाजाला लागणारी ताकद वेगाच्या घनाप्रमाणे घटते, म्हणजे तेवढ्यात ती पावपटीवर आली. जहाजाची वीज धरूनही गॅसची भूक तिसऱ्या हिश्श्यावर. वाफ मात्र तेवढीच, टाकीला वेगाशी काय देणंघेणं! दाब ११० मिलिबारवरून चढत १९० वर गेला. २५० ला, म्हणजे त्याच साडेतीन पौंडांच्या आसपास, सेफ्टी व्हॉल्व्ह. तिथवर वाट पाहायची नसते, म्हणून आम्ही गॅस कम्बशन युनिट पेटवलं. ही एक मोठी भट्टी, गॅस जाळते आणि धुरात पंख्याची हवा मिसळून तो निवल्यावर धुराड्यातून सोडते. तिथून जाणारा गॅस कोणाच्याच कामी येत नाही. त्या दोन दिवसांत दिवसाला सत्तरेक टन असा गेला, आणि ती नासाडीच होती, मी नाही म्हणणार नाही. नव्या जहाजांत इन्सुलेशन सुधारून उकळण्याचा दर ०.०८५ टक्क्यांपर्यंत आणलाय, काहींवर वाफेला परत द्रव करून टाकीत पाठवणारा प्लांटही असतो. दुसरी खोट इंजिनातच: कमी दाबाच्या गॅस इंजिनांतून थोडा मिथेन न जळताच धुराड्यातून निसटतो. हवा तापवण्यात तो कार्बन डायऑक्साइडच्या कितीतरी पट वरचढ. आक्षेप घ्यायचाच तर तिथे घ्या.

राहिला सिलिंडर. घरच्या सिलिंडरमध्ये एलपीजी असतो, प्रोपेन आणि ब्युटेन. त्याची जहाजं वेगळी. ही जहाजं एलएनजीची, म्हणजे मुख्यतः मिथेनची, दाभोळ किंवा दहेजला उतरणारी. दोन्हींत 'एल' आणि 'जी' आहे म्हणून भाव एक होत नाही. शिवाय उतरवताना टाकीतली पातळी, तापमान आणि गॅसचं मिश्रण मोजून त्यात ऊर्जा किती याचा हिशेब होतो. पोहोच करून देण्याचा करार असेल तर खरेदीदार पोहोचलेल्याचेच पैसे देतो, वाटेत जळालेलं विकणाऱ्याच्या खात्यावर. खरेदीदाराने भरल्या जागीच माल घेतला असेल तर ते त्याच्या खात्यावर.

या गॅसचा आपल्याशी खरा संबंध युरियाचा, कारण युरिया नैसर्गिक वायूपासून बनतो. पण ४५ किलोची गोणी आपल्याला २६६ रुपये ५० पैशांनाच मिळते, ती किंमत सरकारने बांधलेली आहे. गॅस महागला तर फरक अनुदानात जातो, गोणीवर दिसत नाही.

काकांनी हे सगळं ऐकून विचारलं, "मंग रिकामं जहाज परत जाते तेव्हा?" तेव्हाही टाकीच्या तळाशी थोडा एलएनजी मुद्दाम ठेवतात. तो वाटेत उकळत राहतो, टाकी थंड ठेवतो आणि इंजिनही चालवतो. तो संपून टाकी कोमट झाली, तर पुढच्या बंदरात गॅस भरण्याआधी फवारे मारून तिला थंड करण्यातच कित्येक तास जातात.