७२०पीच देणार आहेस तर माझ्याकडून दीड जीबी कशाला ओढतोस बाबा

च्यायला डोकं फिरलंय नुसतं. शाळेच्या गॅदरिंगचा व्हिडिओ करून द्यायचाय, काम काय तर नाचांचे आठ-दहा क्लिप जोडायचे, मधे वर्गाची आणि पोरांची नावं टाकायची, शेवटी आभार, बास. एडिटिंग असं काहीच नाहीये त्यात, आणि तरी आठवडा झाला मी त्या ब्राउझरमधल्या एडिटरसमोर गोल फिरणारं चक्र बघत बसलोय.

आता कुणीतरी येऊन शहाणपणा शिकवणार की सॉफ्टवेअर टाक ना लॅपटॉपवर. अरे लॅपटॉप ४ जीबी रॅमचा आहे, जुना, त्याच्यावर धड एडिटिंग सॉफ्टवेअर उघडलं की पंखा सुरू होतो आणि माऊस थांबतो. आणि शाळेतल्या मॅडमना लिंक पाठवली की त्या स्वतः बघून सांगतात हे नाव चुकलंय ते चुकलंय, म्हणून ऑनलाइन. सोय म्हणून घेतलं होतं हे, सोय!

पहिलं अपलोडचं ऐका. फोनवर ४केमध्ये शूट केलेलं, माझ्या फोनला मिनिटाला साधारण साडेतीनशे एमबी जातात, म्हणजे चार मिनिटांचा एक कोळीनाच १.४ जीबी. आमच्याकडे नेट म्हणजे मोबाईलचा हॉटस्पॉट, डाउनलोड बरा मिळतो पण अपलोड चांगल्या दिवशी २ एमबीपीएस. लोकांना हे एमबीपीएस बघून वाटतं सेकंदाला दोन एमबी, तसं नसतं, ते बिट असतात, आठाने भागा, म्हणजे सेकंदाला पाव एमबी, मिनिटाला १५, तासाला ९००. म्हणजे तो एक नाच चढवायला दीड तासाच्या वर. एक नाच! आणि रोजचा डेटा पॅक २ जीबीचा, अपलोडही त्यातूनच कापला जातो हे पुष्कळांच्या लक्षातच येत नाही, त्यामुळे दुसरा नाच निम्म्यावर आला की पॅक संपला, स्पीड ६४ केबीपीएस, म्हणजे तासाला तीस एमबीसुद्धा नाही. मग रात्री बाराची वाट बघत बसायचं.

आणि एवढं करून तो पूर्ण होईल तर शप्पथ. ८० टक्क्यांच्या आसपास येतो, मधेच रेंज एका टॉवरवरून दुसऱ्यावर उडी मारते किंवा हॉटस्पॉट तुटतो आणि परत जोडावा लागतो, आणि झालं, लाल पट्टी, पुन्हा प्रयत्न करा. पुन्हा म्हणजे कुठून? शून्यापासून! आधीचे हजार-अकराशे एमबी गेले कुठे, तर गेले, माझ्या पॅकमधून गेले आणि त्यांच्या सर्व्हरने फेकून दिले. एकदा एफ१२ दाबून नेटवर्कचा टॅब उघडून ठेवला मुद्दाम, बघू म्हटलं नक्की काय होतं, तर अख्खी फाईल एकाच रिक्वेस्टमध्ये चाललेली आणि शेवटी तिच्यासमोर `net::ERR_NETWORK_CHANGED`. एकच रिक्वेस्ट म्हणजे नेट जरा हललं की सगळं मातीत.

हे काय मोठं अवघड रॉकेट नाहीये हो. फाईलचे पाच-पाच, दहा-दहा एमबीचे तुकडे करायचे, एकेक तुकडा पाठवायचा, जो तुटला तेवढाच परत पाठवायचा. अ‍ॅमेझॉनच्या एस३ स्टोरेजला ही मल्टिपार्टची सोय २०१० पासून आहे! २०१०! आणि तुम्ही अजून अख्खं पोतं एका हाताने उचलायला लावताय, आणि हात सुटला की म्हणताय खाली जा आणि परत उचल.

टॅब बंद झाला तर तर विषयच संपला, कारण ब्राउझरला तुमच्या डिस्कवरची फाईल आपणहून परत उघडता येत नाही, तुम्हीच परत निवडून द्यायची. आणि रॅम कमी पडली की क्रोम मागचे टॅब आपोआप झोपवतो, त्यामुळे अपलोड लावून दुसऱ्या टॅबवर गाणी ऐकत बसणं बंद, लॅपटॉपचं झाकण मिटणं बंद, जेवायला जाताना स्लीप बंद आहे ना ते बघून जायचं. घरात आई विचारते अरे तो लॅपटॉप एवढा वेळ चालू का, काय सांगू तिला.

बरं, आता सगळ्यात संताप कशाचा ते सांगतो. फुकटच्या प्लॅनमध्ये एक्सपोर्ट मिळतो ७२०पी. सातशे वीस! मग माझ्याकडून ४के का मागवलंस? तो १.४ जीबीतला बहुतेक सगळा मसाला शेवटी तू फेकणारच आहेस, पण आधी तो माझ्या डेटा पॅकमधून वर ओढणार. अपलोडच्या खिडकीत एक ओळ लिहायला काय जातं की बाबा तुझा एक्सपोर्ट एवढाच होणार आहे, फाईल आधी लहान करून टाक. नाही लिहिणार, त्यांच्या ऑफिसात फायबर आहे ना.

मी आता हे करतो, ज्याला उपयोगी पडेल त्याने घ्या. एफएफएमपेग नावाचं फुकट मिळणारं टूल, काळ्या खिडकीतून चालवायचं, जुन्या लॅपटॉपवरही चालतं, फक्त वेळ लागतो, रात्री लावून झोपा, नेट लागत नाही त्याला.

```
ffmpeg -i koli.mp4 -vf scale=-2:720 -r 30 -c:v libx264 -crf 26 -preset fast -c:a aac -b:a 128k koli_720.mp4
```

यातलं `scale=-2:720` म्हणजे उंची ७२० कर आणि रुंदी त्या मापात आपली आपण काढ. `-crf` चा आकडा वाढवला की फाईल लहान होते आणि चित्र बिघडतं, २३ ते २८ च्या मधे ठेवा. `-r 30` विसरू नका, कारण फोन अंधारात शूट करताना फ्रेमचा वेग कमीजास्त करतो आणि मग एडिटरमध्ये गाणं एकीकडे, पाय दुसरीकडे, पोरं बेताल नाचतायत असं दिसतं आणि पालक आपल्याला शिव्या घालतात. माझा कोळीनाच १.४ जीबीचा शंभर एमबीच्या आत आला. सहा-सात मिनिटांत अपलोड. स्टेजवरचे लाईट फार लुकलुकत असतील तर फाईल थोडी मोठी येते, पण तरी कुठे दीड तास आणि कुठे हे.

आता ऑटोसेव्ह. वरच्या कोपऱ्यात छोटासा ढग आणि त्याच्यावर बरोबरची खूण, सेव्ह झालं म्हणे. खोटारडा ढग. त्या दिवशी मागे अपलोड चालू होता आणि मी बसून सहावी अ-ब च्या पोरांची नावं टाकत होतो, एकेका पट्टीवर पाच-सहा नावं, ढगावर खूण आहे, मी निवांत. लाईट गेली, बॅटरी आधीच मेलेली, लॅपटॉप बंद. परत उघडतो तर पाचवीपर्यंतची नावं आहेत आणि सहावी गायब, दोन्ही तुकड्या.

का होतं हे, तर ऑटोसेव्ह व्हिडिओ पाठवतच नाही, तो फक्त टाइमलाइनचा हिशोब पाठवतो, कुठला क्लिप कुठे कापला, कुठलं नाव कुठल्या सेकंदाला, काही केबींचं काम. पण ते इवलंसं पार्सल त्याच बारक्या पाईपमधून जायचंय जो अपलोडने गच्च भरलाय, त्यामुळे ते रांगेत मागे उभं राहतं आणि शेवटी टाइमआउट होतं. बघायचं असेल तर अपलोड चालू असताना दुसरीकडे `ping 8.8.8.8` मारा. माझ्याकडे एरवी पन्नास-साठ मिलिसेकंद येतात, अपलोड चालू असला की दोन-दोन हजार, मधेच रिक्वेस्ट टाइम्ड आउट. आणि एडिटर काय करतो, ब्राउझरला विचारतो नेट आहे का, ब्राउझर म्हणतो आहे, कारण हॉटस्पॉटला जोडलेलं आहे म्हणजे त्याच्या लेखी नेट आहे, पुढे रेंज मेलेली का असेना.

एफ१२ च्या नेटवर्कमध्ये सेव्हची रिक्वेस्ट दिसते, काहीतरी टाईप करा आणि बघा. २०० आलं तर खरंच सेव्ह झालं. `pending` वर लटकलं असेल तर ढगावर विश्वास ठेवू नका. ४०१ आलं तर लॉगिन संपलंय आणि तुम्ही तासभर हवेत काम करताय, तेव्हा पेज रिफ्रेश करायच्या आधी टाइप केलेलं सगळं कॉपी करून घ्या, कारण रिफ्रेश केलं की जुनं येणार. ही नावं आधी ब्राउझरच्या आतच साठवून ठेवायची आणि मग सावकाश वर पाठवायची सोय असते की, इंडेक्स्डडीबी म्हणतात त्याला, सगळ्या ब्राउझरात आहे. पण वापरणार कोण. आता मी नावं नोटपॅडमध्ये टाईप करतो आणि अपलोड बंद असतानाच चिकटवतो. २१व्या शतकातलं क्लाउड एडिटिंग, आणि आम्ही नोटपॅडमध्ये!

त्यात मॅडमनी लिंक फोनवर उघडून तशीच ठेवलेली. त्यांना एडिटचा हक्क दिलेला, दोन दिवसांनी त्यांनी तोच जुना टॅब उघडून एक काना दुरुस्त केला आणि त्यांच्या फोनातलं दोन दिवसांपूर्वीचं सगळं माझ्यावर बसलं. "सर, मी फक्त एक काना दिला हो!" त्यांची काय चूक. शेवटी जो सेव्ह करेल तो खरा, अशी यांची व्यवस्था. आता फक्त बघण्याची लिंक देतो आणि दुरुस्त्या व्हॉट्सअ‍ॅपवर घेतो.

एक्सपोर्टचं काय सांगू. महिन्याला ठरलेली मिनिटं. चौदा मिनिटांचा व्हिडिओ, एक्सपोर्ट केला, मुख्याध्यापकांच्या आडनावात वेलांटी चुकलेली, परत एक्सपोर्ट, परत चौदा मिनिटं वजा. पाच सेकंदांची पाटी बदलली तरी अख्खे चौदा! आणि सर्व्हरवर मधेच फेल झाला तरी मिनिटं कापली, परत मागितली तर ऑटोमॅटिक उत्तर. म्हणून आता प्रोजेक्टची कॉपी काढतो, त्यात फक्त पाट्या ठेवतो, सगळ्या मिळून चाळीस-पन्नास सेकंद, ते एक्सपोर्ट करून शाळेच्या ग्रुपवर टाकतो, सगळ्यांनी नावं तपासली की मगच मोठं. झालेली फाईल उतरवतानाही गंमत, डाउनलोडची लिंक थोड्याच वेळापुरती चालते, मधे नेट गेलं आणि नंतर रिझ्यूम दाबलं तर ४०३, म्हणजे ती लिंक मेली. तेव्हा परत एक्सपोर्ट दाबू नका, मिनिटं जातील, प्रोजेक्टच्या पानावर जाऊन ताजी लिंक घ्या.

आणि प्रो प्लॅन घे म्हणणाऱ्यांनो, बघितलाय तो, वाचलाय. ४के एक्सपोर्ट देतात, वॉटरमार्क काढतात, मिनिटं वाढवतात. तुटलेला अपलोड जिथे तुटला तिथून पुढे सुरू होईल असं त्या अख्ख्या पानावर कुठेही लिहिलेलं नाही. पैसे भरूनही शून्यापासूनच चढवायचंय, फक्त आता ४केमध्ये.