कटअवे स्क्रिप्टमध्येच का लिहायचे: एका प्रतिक्रियेला उत्तर

“प्रत्येक वाक्यासमोर कटअवे लिहीत बसणं म्हणजे नुसता वेळ घालवणं. चांगला एडिटर नंतर काहीतरी टाकतोच, स्टॉक क्लिपही भरपूर मिळतात. तुमचा दोन रकान्यांचा तक्ता मोबाईलवर वाचताही येत नाही. नवशिक्यांना घाबरवायचं काम आहे हे.” – एक वाचक, मिरज

नमस्कार. माझ्या लेखात मी सांगितलं होतं की कटअवे, म्हणजे बोलणाऱ्याचा चेहरा सोडून मध्ये दाखवायचा शॉट, स्क्रिप्टमध्येच वाक्यासमोर लिहून ठेवावा. तक्त्याचं तुमचं म्हणणं मान्य. मोबाईलवर उजवा रकाना कापला जातो, म्हणून यापुढे टिपा वाक्याखालीच देईन. पण ‘घाबरवायचं काम’ हे शब्द मला लागले. मतभेद असू द्या, हेतूवर शंका कशाला? शेतीचे व्हिडिओ शूट करणं आणि कापणं हाच माझा रोजचा धंदा आहे, तेव्हा हे ऐकीव सांगत नाही.

‘एडिटर नंतर काहीतरी टाकतोच’ या वाक्याला मात्र सविस्तर उत्तर देतो. एडिटर टाकणार ते शूट झालेल्यातूनच. तासगावचे एक बागायतदार कॅमेऱ्यासमोर बसून बेदाणा कसा करतात ते सांगतायत असं धरा. त्यांची तीन वाक्यं अशी: “द्राक्षं तोडून आणल्यावर आधी ती द्रावणात बुडवायची. एका लिटर पाण्याला २५ ग्रॅम पोटॅशियम कार्बोनेट आणि १५ मिली डिपिंग ऑइल. त्याने मण्यावरचा मेणाचा थर सुटतो आणि पाणी लवकर बाहेर पडतं.” सावकाश मराठी बोलणं सेकंदाला साधारण दोन शब्द पडतं. म्हणजे ही वाक्यं साडेतीन, सहा आणि पाच सेकंदांची. शब्द मोजले की कोणता शॉट किती लांब हवा ते घरबसल्या कळतं. टिपा अशा:

‘बुडवायची’ या शब्दावर: क्रेट टबात उतरतो, मध्यम शॉट, पाण्याचा आवाज ठेवायचा.
‘२५ ग्रॅम’पासून वाक्य संपेपर्यंत: वजनकाटा, मग मापातून ओतलं जाणारं तेल, दोन्ही क्लोज, आकडे पडद्यावर.
‘मेणाचा थर’: बुडवण्याआधीचा धुरकट मणी आणि नंतरचा चकचकीत मणी, कॅमेरा आणि उजेड तोच.

शेवटची टीप पाहा. मण्यावरची पांढुरकी झाक द्रावणात गेली की परत येत नाही. आधीचा क्लोज घ्यायचा राहिला तर त्या घडाचा तो शॉट गेला. पुढे शेडमध्ये जाळीवर सुकायला बारा-पंधरा दिवस लागतात, म्हणजे तयार बेदाण्यासाठी दुसरी फेरी आलीच. हे स्क्रिप्टमध्ये नसेल तर कॅमेरामनने आदल्या दिवशी वाचायचं काय? नुसतं ‘द्राक्षांचे शॉट’ लिहिलं तर तो बागेतले सुंदर घड भरपूर आणतो, टब एकही नाही. मग तीन सेकंदांचा घडाचा शॉट द्रावणाच्या वाक्यावर ताणला जातो. प्रेक्षकाच्या कानावर एक पडतं, डोळ्यांना दुसरं दिसतं आणि प्रमाण लक्षात राहत नाही.

स्टॉक क्लिपचं म्हणाल तर बेदाण्याच्या बहुतेक क्लिप परदेशी असतात. कॅलिफोर्नियात द्राक्षं वेलींच्या ओळींमध्ये जमिनीवर कागद अंथरून उन्हात वाळवतात आणि मनुका काळसर होतो. आपल्याकडे सावलीच्या शेडमध्ये जाळ्यांच्या थरांवर वाळवून हिरवट-पिवळा बेदाणा करतात. तासगावातला शेतकरी ती क्लिप बघताच ओळखेल आणि पुढच्या प्रमाणावरही विश्वास ठेवणार नाही. नदी, आकाश, बाजारातली गर्दी यांसाठी वापरा हवं तर. प्रक्रियेसाठी नाही.

आणि ‘प्रत्येक वाक्यासमोर’ असं मी लिहिलेलंच नव्हतं. टीका करण्याआधी लेख पूर्ण वाचायला हवा होता. काही वाक्यांपुढे मी मुद्दाम ‘चेहरा’ असं लिहितो. सुरुवातीची पाच-सहा सेकंदं चेहराच हवा, नाहीतर बोलतंय कोण ते कळत नाही. अवकाळी पावसाने शेडमधला माल काळा पडला, हे ते सांगतील तेव्हाही चेहराच. तिथे भिजलेल्या जाळीचा शॉट टाकला की माणूस हातातून निसटतो. याउलट दोन टेक जिथे जोडायचे आणि डोकं झटक्यात सरकतं, तिथे कटअवे हवाच. तो सांधा शूटनंतर कळतो, म्हणून हात, शेडचा वाइड, ऐकणारा मुलगा असे दोन-तीन मोकळे शॉट टिपांमध्ये आधीच ठेवावेत.

नवशिक्यांसाठी: पडद्यावर चार सेकंद हवे असतील तर कॅमेरा न हलवता दहा सेकंद घ्या, कापायला दोन्ही टोकांना जागा राहते. चित्र शब्दासोबत किंवा किंचित आधी येऊ द्या, उशिरा आलं तर चूक झाल्यासारखं वाटतं. शेडमध्ये एलईडी दिवे असतील तर शटर १/५० किंवा १/१०० ठेवा. आपली वीज ५० हर्ट्झची आहे, दुसऱ्या शटरला चित्रात पट्टे येऊ शकतात. आणि कोणी बोलत नसताना शेडचा अर्धा मिनिट आवाज वेगळा घ्या. कटअवेच्या मागे तो पसरला की जोड कानाला खटकत नाहीत.