नोड परत भेटला म्हणजे सायकल नव्हे

"कोर्स शेड्यूलचा प्रश्न आला की डीएफएस लावा, `visited` मधला नोड परत भेटला म्हणजे सायकल. नसेल तर क्रम एकच निघतो. कानची पद्धत वापरली तर शेवटी उरलेले विषय म्हणजेच सायकल."

ऐरोली-महापेच्या कंपन्यांत मुलाखतीला जाणाऱ्या ठाण्याच्या मुलांच्या ग्रुपवर हा मेसेज सारखा फिरतो. तो पाठ करून जाणाऱ्यांचं नुकसान होतं, म्हणून लिहितोय.

चार विषय घ्या. प्रोग्रामिंग झाल्याशिवाय डेटा स्ट्रक्चर्स नाही आणि डिस्क्रीट मॅथ्सही नाही. हे दोन्ही झाल्याशिवाय अल्गोरिदम नाही. यात सायकल कुठेच नाही. आता प्रोग्रामिंगपासून डीएफएस सुरू करा. डेटा स्ट्रक्चर्समधून अल्गोरिदमला पोहोचलात, तिथून पुढे वाट नाही, मागे फिरलात. मग डिस्क्रीट मॅथ्सकडे गेलात, तर समोर पुन्हा अल्गोरिदम, `visited` मध्ये आधीच नोंदलेला. मेसेजप्रमाणे ही सायकल! प्रत्यक्षात दोन वाटा एका ठिकाणी मिळाल्या, एवढंच.

हा नियम दिशा नसलेल्या ग्राफसाठी, पालक नोड वगळून, बरोबर आहे. तिथून तो उचलून दिशा असलेल्या ग्राफवर चिकटवला गेलाय. इथे विचारायचं ते वेगळं: भेटलेला नोड आत्ता चालू असलेल्या वाटेवर आहे, की त्याचं काम संपलंय? म्हणून तीन अवस्था लागतात. `0` म्हणजे न पाहिलेला, `1` म्हणजे चालू वाटेवरचा, `2` म्हणजे संपलेला.

```python
def cycle(u):
    state[u] = 1
    for v in adj[u]:
        if state[v] == 1 or (state[v] == 0 and cycle(v)):
            return True
    state[u] = 2
    return False
```

वरच्या उदाहरणात अल्गोरिदम दुसऱ्यांदा भेटतो तेव्हा त्याची अवस्था `2` असते, त्यामुळे कोड पुढे सरकतो. ग्राफ तुकड्यांत असू शकतो, म्हणून `0` असलेल्या प्रत्येक नोडवरून हे फंक्शन चालवा.

क्रम एकच निघतो हेही खरं नाही. डेटा स्ट्रक्चर्स आधी की डिस्क्रीट मॅथ्स आधी, दोन्ही चालतं. कानच्या पद्धतीत (१९६२) ज्यांचे सगळे पूर्व-विषय झालेत असे विषय रांगेत घेतात; त्या रांगेत कधीही एकापेक्षा जास्त विषय जमले नाहीत, तरच क्रम एकमेव.

उरलेल्या विषयांबद्दल मात्र जपून बोला. डेटाबेसला नेटवर्क्स आधी हवा, नेटवर्क्सला डेटाबेस, आणि प्रोजेक्टला डेटाबेस. कानच्या पद्धतीत तिन्ही उरतात, कारण कुणाचीच इन-डिग्री शून्यावर येत नाही. पण प्रोजेक्ट सायकलमध्ये नाही, तो तिच्यामागे अडकलाय. नेमकी सायकल हवी असेल तर उरलेल्यांपैकी कुठलाही एक घ्या आणि त्याच्या उरलेल्या पूर्व-विषयाकडे उलटं चालत राहा. उरलेल्या प्रत्येकाला असा निदान एक असतोच, म्हणून कधीतरी एखादा विषय परत येईल. प्रोजेक्ट, डेटाबेस, नेटवर्क्स, पुन्हा डेटाबेस: पहिल्या डेटाबेसपासून दुसऱ्यापर्यंतचा भाग ही सायकल.