माणसाने दुरुस्त केलेलं पान रात्रीचा जॉब पुन्हा वाचतोच कशाला?

काल दुपारभर जुन्या कर्जफायलींमधले सातबारे तपासले. गट नंबर, क्षेत्र, आकार, सगळं स्कॅनशी ताडून पाहिलं, दुरुस्त केलं, सेव्ह केलं. आज सकाळी तपासणीची रांग उघडली तर तीच पानं पुन्हा वर आणि दुरुस्त्या साफ गायब. गट नंबर २१४ केला होता, तो परत २९४. झेरॉक्सच्या झेरॉक्सवर १ ची शेपटी पुसली गेली की स्कॅन वाचणाऱ्या यंत्राला तिथे ९ दिसतो. त्याबद्दल माझी तक्रार नाही. यंत्राला दिसत नाही म्हणूनच तर पान माणसाकडे येतं. पण माणसाने पाहून लिहिलेलं त्याच यंत्राने रात्री येऊन पुसायचं?

चीड आणणारी गोष्ट ही की यात कसलीही गूढ गडबड नाही. रात्री दोन वाजता क्रॉनवर जॉब सुटतो, प्रलंबित पानं उचलतो, टेसरॅक्ट या अक्षरं ओळखणाऱ्या प्रोग्रामकडून वाचून घेतो आणि ज्या पानाचा सरासरी कॉन्फिडन्स ८० च्या खाली येईल ते आमच्याकडे पाठवतो. आणि पानं निवडणारी ओळ ही अशी:

```sql
SELECT id FROM pages
WHERE status = 'pending' OR mean_conf < 80;
```

तो `OR` बघा. मी मजकूर दुरुस्त केला तरी `mean_conf` ५८ चा ५८ च राहणार, कारण तो आकडा यंत्राला वाचताना किती खात्री वाटली याचा आहे. म्हणजे माणसाकडे गेलेलं प्रत्येक पान दर रात्री पुन्हा वाचलं जाणार आणि पुन्हा माणसाकडे येणार, जन्मभर. त्यात वाचलेला मजकूर जातो `text` या एकाच रकान्यात. यंत्राचं वाचन आणि माणसाची दुरुस्ती एकाच जागी, जो शेवटी लिहील त्याचं खरं. आणि रात्री दोनला शेवटी लिहिणारा कोण असतो, ते सांगायला नको.

पुरवठादाराच्या माणसाला फोन केला. तो म्हणाला, "मॅडम, सेव्ह करताना कॉन्फिडन्स १०० करून टाका, म्हणजे परत येणार नाही." अहो, १०० कसा करू? ५८ ही नोंद आहे. पुढे कधी ८० ची रेघ योग्य आहे का, हे बघायचं झालं तर यंत्र कुठे डळमळीत होतं आणि माणसाला तिथे खरंच चूक सापडली का, हे त्या नोंदीवरूनच कळणार. ती खोडून १०० लिहायचं म्हणजे पुरावा स्वतःच्या हाताने फाडायचा. यंत्राचं वाचन `ocr_text` मध्ये ठेवा, माणसाचं `final_text` मध्ये, आणि दुसऱ्या रकान्याला जॉबने हात लावू नये. निवडीसाठी इतकं पुरे:

```sql
SELECT id FROM pages
WHERE status = 'pending' AND reviewed_at IS NULL
ORDER BY id LIMIT 50
FOR UPDATE SKIP LOCKED;
```

शेवटच्या ओळीमुळे पहिला जॉब रेंगाळला आणि तेवढ्यात दुसरा सुटला, तरी पानं निवडून त्यांवर प्रक्रियेत असल्याचा शिक्का मारेपर्यंत दोघं एकाच पानावर झडप घालत नाहीत. पोस्टग्रेस डेटाबेसमध्ये ही सोय ९.५ पासून आहे. नवीन काहीच मागत नाहीये मी.

आता निघालंच आहे तर त्या सरासरीबद्दलही बोलते. टेसरॅक्ट वाचनाचा जो तक्ता काढून देतो त्या टीएसव्हीमध्ये प्रत्येक शब्दाला वेगळा कॉन्फिडन्स असतो आणि पान, ठोकळा, ओळ यांच्या रांगांमध्ये `conf` च्या जागी -१ असतो, कारण तिथे शब्दच नाही. कित्येक महिने ते -१ सुद्धा सरासरीत धरले जात होते. त्यामुळे चार ओळींची स्वच्छ पावती नापास व्हायची आणि आमच्या रांगेत येऊन पडायची. ते एकदाचं सुधारलं, पण मूळ रोग तसाच आहे. पानावर ३०० शब्द, त्यातले २९९ शब्द ९५ ने वाचले आणि एकच ३० ने. सरासरी येते ९४.७८. पान दिमाखात पास. आणि तो एक शब्द कोणता? क्षेत्र. ज्याच्यावर कर्ज दिलं ते. छापील मथळे आणि 'गाव नमुना सात' यंत्राने बरोबर वाचले याचा आम्हाला काय उपयोग? रेघ पानाला लावायची नसते, रकान्याला लावायची असते. गट नंबर आणि क्षेत्रात एक शब्द जरी रेघेखाली गेला तरी पान माणसाकडे यायलाच हवं.

आणि नुसता कॉन्फिडन्सही पुरत नाही. गेल्या आठवड्यातलं पान घ्या. लागवडीयोग्य क्षेत्र ९.२०.००, पोटखराब ०.०५.००, एकूण १.२५.००. त्या ९.२०.०० चा कॉन्फिडन्स होता ९३. यंत्र ठाम होतं आणि ठामपणे चूक होतं, मूळ कागदावर १.२०.०० आहे. पान थेट पास झालं. मी दुसऱ्याच कामासाठी ती फाइल काढली म्हणून दिसलं, नाहीतर एक हेक्टर वीस आरचा शेतकरी आमच्या नोंदीत नऊ हेक्टरचा धनी होऊन बसला असता. लागवडीयोग्य अधिक पोटखराब बरोबर एकूण, ही बेरीज तलाठी कार्यालयातला नवखा कोतवालसुद्धा मारून बघेल. जॉबमध्ये हा हिशोब घाला, जुळला नाही की कॉन्फिडन्स ९९ असला तरी माणसाकडे पाठवा. कधीपासून सांगतेय.

त्याऐवजी काय झालं? महिनाअखेरीला प्रलंबित संख्या जास्त दिसते म्हणून वरून रेघ तेवढ्यापुरती ८० ची ६५ केली. रांग एका रात्रीत निम्मी! बैठकीत कौतुक. चुका कमी झाल्या नाहीत, आमच्यापर्यंत पोचायच्या थांबल्या. ६५ का, ६० का नाही, ७० का नाही, याला उत्तर नाही, कारण पास झालेल्या पानांपैकी थोडी चिठ्ठी टाकून उचलून कोणी कधी तपासलीच नाहीत. पास झालेल्यांत किती चुका आहेत हे मोजल्याशिवाय रेघ हलवायचा अधिकार कोणालाही नाही.

आणि आमचा तो तपासणीचा पडदा! संशयित शब्द पानावर नेमका कुठे आहे ते टीएसव्हीमध्येच असतं: `left`, `top`, `width`, `height`. तेवढा तुकडा कापून, मोठा करून, शेजारी वाचलेला शब्द दाखवला की काही सेकंदांत निकाल लागतो. आम्हाला मिळतं पूर्ण पान, पोस्टाच्या तिकिटाएवढं, आणि खाली मजकुराचा ढीग. कुठला शब्द संशयित हे आम्हीच शोधायचं. मग विचारतात, तपासनीस इतके हळू का?

मोडीतल्या कागदांचं तर बोलायलाच नको. `-l mar` हे टेसरॅक्टचं मराठी मॉडेल देवनागरीवर शिकलेलं आहे, मोडी त्याला येत नाही. ती पानं दर रात्री त्याच्यापुढे ठेवायची, त्याने अक्षरांचा चिखल करायचा आणि तो चिखल आम्ही 'दुरुस्त' करायचा. स्कॅन करतानाच वेगळ्या ट्रेमध्ये टाका आणि सरळ मोडी वाचणाऱ्याकडे द्या.

स्कॅनर रात्री उशिरापर्यंत चालू राहिला की अर्धवट उतरलेली फाइलही जॉब उचलतो. चाळीस पानांच्या फायलीतली पंधरा वाचली जातात आणि शिक्का पडतो 'पूर्ण'. उरलेली पंचवीस ना यंत्राने पाहिली ना माणसाने. फाइल आधी `.part` नावाने उतरवा, पूर्ण झाली की नाव बदला, आणि जॉबला `.part` दिसूच देऊ नका. हे मी लेखी दिलंय. पोच माझ्याकडे आहे.

आज तीच पानं पुन्हा दुरुस्त करणार नाही. आधी तो `OR` काढा.