रुखवतातला गोल रुमाल

भाचीच्या रुखवतात क्रोशाचा एक गोल रुमाल हवाच, असा आत्यांचा हुकूम सुटला. विणण्याचं मला काही वाटत नाही. दोरा, सुई आणि समोर एखादी रटाळ मालिका असली की रुमाल आपोआप वाढतो. पण सुईवरून उतरलेला सोळा पाकळ्यांचा रुमाल गोल कधीच नसतो. मधे फुगलेला, कडेला मुरडलेला, अर्धवट भाजलेल्या पापडासारखा तो टीपॉयवर पडून राहतो. मग त्याला खळ लावून, ताणून, टाचण्या मारून गोल करायचं. तेही सोलापुरात, ऐन मे महिन्यात, पंखा बंद ठेवून, कारण वाऱ्याने खळ वाळते.

शेजारच्या अक्कांचा जन्म मागाच्या खडखडाटात गेला. सुताला खळ कशी लावावी हे त्यांना कुणी शिकवायचं नाही. त्यांच्यासमोर विकतच्या फवाऱ्याचं नाव काढलं तर महिनाभर बोलणार नाहीत. म्हणून एक मोठा चमचा कॉर्नफ्लोअर आधी गार पाण्यात कालवलं, मग ते वाटीभर उकळत्या पाण्यात ओतून ढवळत बसले. कोरडं पीठ थेट गरम पाण्यात पडलं की गाठी होतात आणि त्या गाठी बरोबर जाळीत जाऊन बसतात. दुधी रंग जाऊन खळ काचेसारखी दिसू लागली तसा गॅस बंद केला.

कोमट खळीत रुमाल बुडवला. पिळायला हात उचलला तोच अक्का ओरडल्या, "पिळू नको गं! पंचात गुंडाळ आणि दाब. खळ दोऱ्यात राहू दे, भोकात कशाला?" भोकात राहिलेली खळ वाळून चकचकीत पापुद्रा धरते आणि जाळीचं काम बुजून जातं. ओली असतानाच फुंकर मारून ती भोकं मोकळी करायची. मी रुमालावर फुंकर मारत बसलेली पाहून धाकट्याने विचारलं, "आई, त्याला भाजलंय का?"

आता गोलाई. ती नजरेने येत नाही, कागदाने येते. दोऱ्याला पेन्सिल बांधून 15 सेंटीमीटर त्रिज्येचं वर्तुळ काढलं, कापलं आणि मधोमध चार वेळा दुमडलं. उलगडल्यावर घड्यांचे बरोबर सोळा भाग पडतात, पाकळ्याही सोळाच. खुणा पेन्सिलीने करायच्या आणि वर पारदर्शक प्लॅस्टिक घालायचं. पेनाची शाई ओल्या सुताला आयतं आमंत्रण असते. खाली थर्माकोल. आत्या म्हणाल्या, "चादर घे की घडी करून, सोलापूरच्या चादरीपेक्षा जाड काय असतं?" जाड असते खरी, पण तिच्यात टाचणी डुलते आणि डुलणारी टाचणी ताण धरत नाही. टाचण्या स्टीलच्या घ्यायच्या. साध्या टाचण्या ओल्या खळीत रात्रभर राहिल्या तर प्रत्येक टोकाला गंजाचा तांबडा टिळा लागतो.

मी मध्यावर टाचणी मारली आणि फोन घ्यायला आत गेले. तेवढ्यात आत्यांनी टाचण्यांची डबी हाती घेऊन एका पाकळीपासून शेजारी-शेजारी मारत फेरी पूर्ण केली. रुमालाचं वांगं झालं होतं. असं का होतं, तर प्रत्येक पाकळी ताणताना थोडी ढिलाई बाजूला सरकते, ती पुढची पाकळी पुढे ढकलते आणि सगळी उधारी शेवटच्या पाकळीच्या गळ्यात पडते. सगळं उपटलं. आधी समोरासमोरच्या दोन पाकळ्या, मग त्यांना काटकोनात दोन, मग त्यांच्या मधल्या, असं करत सोळा. टाचणी बाहेरच्या बाजूला कललेली, म्हणजे दोरा वर सरकत नाही. निम्म्यात खळ वाळू लागली, तेव्हा हाताने पाण्याचा शिपका मारला. शेवटी पट्टी लावली. शेजारच्या दोन टोकांत सगळीकडे सहा सेंटीमीटरला किंचित कमी अंतर आलं पाहिजे, आणि ते आलं.

कडेला चुण्या पडल्या असत्या तर मात्र टाचण्यांनी काही साधलं नसतं. शेवटच्या फेऱ्यांत टाके जास्त वाढवले की कड झालरीसारखी होते, कमी वाढवले की रुमालाची वाटी होते. ती उसवूनच सुधारते.

उन्हाळ्याने कड तासाभरात कडक झाली. आत्या टाचण्या काढायला धावल्या. पण मधला भाग दाट विणीचा, तो मागे राहतो. हाताची पालथी बाजू लावली, गार लागला. म्हणजे ओला. आत्ता टाचण्या काढल्या तर मध्य वाळताना आक्रसतो आणि टोकं आत ओढतो. म्हणून रात्रभर तसाच ठेवला.

सकाळी काढला. सगळीकडून गोल, ताठ, एका बोटावर उभा राहील असा. आत्या म्हणाल्या, "छान झालाय हो!" आणि कौतुकाने चार घड्या घालून ट्रंकेत ठेवला.

खळ लावलेल्या सुतावरची घडी हाताने मोडत नाही. खळ पाण्याने निघते, एवढाच दिलासा. रुमाल बादलीत भिजत पडलाय, पातेलं गॅसवर चढवलंय आणि टाचण्यांची डबी माझ्या कमरेला खोचलीय.